बॅटरी संपली, आजीच्या ओव्यांचा व्हिडिओ उघडत नाही. काही करता येईल का?

पाटणकरीण (गुरुवार, सकाळी ९:४०)
रविवारी भावाच्या लग्नाचा घाणा भरला. आजी जात्यावर हळद दळता दळता ओव्या म्हणत होती. मी फोन आडवा धरून सलग रेकॉर्ड करत होते. बॅटरी ९ टक्के दाखवत होती आणि फोन एकदम बंद पडला. चार्ज करून बघितलं तर गॅलरीत व्हिडिओच नाही. फाइल मॅनेजरमध्ये लपलेल्या फाइल्स दाखवायला लावल्या तेव्हा DCIM/Camera मध्ये `.pending-1747564924-VID_20250511_161204.mp4` अशी २.७ जीबीची फाइल सापडली. उघडायला गेलं की "फाइल प्ले करता येत नाही". कुणाला अनुभव आहे का?

घाटावरचा (९:५८)
सोपं आहे. नावाचा शेवट बदलून .avi करा आणि व्हीएलसीमध्ये उघडा, तो आपोआप दुरुस्त करतो. मी केलंय.

पिंट्या_कोल्हापूर (१०:०५)
ताई, आजींना परत म्हणायला सांगा की! त्यात काय एवढं.

पाटणकरीण (१०:२१)
पिंट्या, घाणा पुन्हा भरत नाहीत हो. आजी म्हणते, "लग्न झालं, आता कशाला?"
घाटावरचा, करून बघितलं. व्हीएलसी काळी खिडकी दाखवून गप्प बसतो.

जुना_टेप (१०:४७)
पाटणकरीण, बाकी सगळं नंतर. आधी ती फाइल फोनमधून बाहेर काढा, आजच. नावात `.pending` आहे म्हणजे कॅमेऱ्याने ती अजून "पूर्ण झाली" म्हणून नोंदवलेली नाही. अँड्रॉइड अशी अर्धवट फाइल सात दिवस ठेवतं, मग फोन रिकामा पडलेला असताना साफ करून टाकतं. पुढचा आकडा मुदतीचाच आहे. तुमचा मी उलगडून बघितला, रविवार १८ मे, दुपारी ४:१२ निघतो. केबलने कॉम्प्युटरवर कॉपी करा, दुसरी प्रत पेन ड्राइव्हवर ठेवा. फोनमधल्या फाइलचं नावसुद्धा बदलू नका.

घाटावरचा यांचं अर्धं बरोबर आहे. व्हीएलसी तुटलेली एव्हीआय दुरुस्त करतो, पण ही एमपी४ आहे. नाव बदलून आतला माल बदलत नाही.

झालंय काय, तर चित्र आणि आवाज दोन्ही फाइलमध्ये आहेत. पण कुठे एक फ्रेम संपते, कुठे आवाजाचा तुकडा लागतो, याची यादी फोन रेकॉर्डिंग थांबवल्यावर शेवटी लिहितो. ती यादी लिहायला वेळच मिळाला नाही. बॅटरी सरळ शून्यावर आली असती तर फोनने नीट बंद होताना बहुतेक यादी लिहून टाकली असती. पण जुनी बॅटरी ९ टक्के म्हणते आणि कॅमेऱ्याचा भार आला की धाडकन बसते.

खात्री करायची तर कॉम्प्युटरवरच्या प्रतीला tutka.mp4 नाव द्या आणि ffmpeg सोबत येणारं ffprobe चालवा:

```
ffprobe tutka.mp4
```

`moov atom not found` आलं की हाच आजार.

पाटणकरीण (१२:३०)
कॉपी झाली, दोन ठिकाणी. आणि हो, `moov atom not found` हेच आलं. हायसं वाटावं की रडावं?

जुना_टेप (१२:५२)
हायसं वाटू द्या. शून्य बाइटची फाइल असती तर मी हात वर केले असते.
`untrunc` नावाचं फुकट साधन आहे. त्याची anthwlock ची आवृत्ती घ्या, विंडोजसाठी तयार मिळते. त्याला एक धडधाकट व्हिडिओ नमुना म्हणून लागतो. त्याच फोनचा, त्याच सेटिंगवर काढलेला. त्यावरून ते फोनची लिहायची पद्धत शिकतं आणि तुटक्या फाइलची यादी नव्याने बांधतं.

```
untrunc.exe namuna.mp4 tutka.mp4
```

नवी फाइल शेजारीच `_fixed` अशा नावाने येते, मूळ फाइलला धक्का लागत नाही.

सीसीटीव्ही_अण्णा (१३:१५)
माझ्या फोनमधून नातवाचा व्हिडिओ चुकून डिलीट झालाय, त्यालाही हेच चालेल का?

जुना_टेप (१३:२०)
नाही अण्णा. इथे फाइल आहे, फक्त यादी नाही. तुमची फाइलच गेलीय. आधी गॅलरीचा ट्रॅश बघा. तिथे नसेल आणि व्हिडिओ फोनच्या आतल्या मेमरीत होता तर अवघड. मेमरी कार्डावर असेल तर कार्ड लगेच काढून ठेवा आणि वेगळा धागा काढा.

पाटणकरीण (१७:०५)
नमुना म्हणून त्याच दिवशीचा माझा व्हिडिओ वापरला, बहिणीने व्हॉट्सॲपवर पाठवलेला. फाइल बनली, पण चित्र म्हणजे हिरवे-राखाडी ठोकळे.

जुना_टेप (१७:३०)
व्हॉट्सॲपवरून आलेला व्हिडिओ तुमच्या फोनचा राहिलेला नसतो, त्याने तो आपल्या पद्धतीने पुन्हा बांधलेला असतो. आत्ता त्याच फोनवर नवा मिनिटभराचा घ्या आणि केबलनेच आणा. रेझोल्यूशन तेच हवं, आणि कॅमेऱ्यात "हाय एफिशियन्सी"सारखं काही असेल तर ते रविवारी होतं तसंच.

पाटणकरीण (१९:१२)
आलं!!! आजी दिसतेय, जात्याची घरघर येतेय, बांगड्यासुद्धा वाजतायत. पण सगळं आडवं पडलंय, मान वाकडी करून बघतेय. आणि शेवटी शेवटी आजीचे ओठ आणि ओवी जुळत नाहीत.
नमुना एक मिनिटाचा १२८ एमबी झाला. त्या हिशोबाने २.७ जीबी म्हणजे साडेएकवीस मिनिटं. निघालं २१ मिनिटं २० सेकंद.

जुना_टेप (१९:४०)
म्हणजे जवळजवळ सगळं निघालं. शेवटचे काही सेकंद फाइलपर्यंत पोचले नसावेत, त्यांची आशा सोडा.
नमुना उभा धरून काढलात ना? चित्र किती अंशात फिरवायचं हे त्या यादीतच असतं, ते नमुन्यातून उचललं गेलं. फोन रविवारी धरला होता तसाच धरून नवा नमुना घ्या.
ओठांचं कारण वेगळं. माजघरात अंधार असणार. उजेड कमी पडला की बरेच फोन सेकंदाला ३० ऐवजी कमी फ्रेम घेतात. कुठे किती घेतल्या हे हरवलेल्या यादीत होतं. हे करून बघा, चित्र आवाजाच्या लांबीइतकं ताणलं जाईल:

```
untrunc.exe -sv namuna.mp4 tutka.mp4
```

घाटावरचा (२०:०२)
एवढी कटकट कशाला? पैसे घेऊन दुरुस्त करणाऱ्या वेबसाइट आहेत की.

जुना_टेप (२०:१०)
आहेत, आणि काही चांगलं काम करतात. आधी फुकट झलक दाखवत असतील तरच पैसे द्यावेत. पण पावणेतीन जीबी घरातल्या बायकांचा व्हिडिओ अनोळखी सर्व्हरवर चढवायचा का, हे ज्याचं त्याने ठरवावं. मी चढवणार नाही.

पाटणकरीण (२२:१८)
आता सरळ दिसतंय. `-sv` ने शेवट जुळला. मध्ये मात्र, साधारण आठव्या मिनिटापासून चार-पाच मिनिटं, अजून अर्धा सेकंद मागेपुढे आहे. कुणीतरी दारात उभं राहून उजेड अडवला होता, तिथेच.

जुना_टेप (२२:३१)
बरोबर. `-sv` सगळीकडे सारखंच ताणतं, फोनने मात्र तिथेच फ्रेम गाळल्या. व्हिडिओ एडिटरमध्ये तेवढा तुकडा कापून हाताने सरकवता येईल. त्याहून सोपं मला माहीत नाही, दुसऱ्या कुणाला असेल तर लिहा.

पाटणकरीण (२२:४५)
राहू दे. आवाज सलग आहे तेवढं पुरे. ओव्या आत्ता ऐकून लिहून घेतेय, सतराव्या ओवीत "साळू" म्हणतेय की "बाळू" ते उद्या तिलाच विचारते.