मदत हवी आहे: लूक २:३७ मध्ये ‘ती’ की ‘ही’?

नमस्कार मंडळी. नव्या कराराचं ग्रीक शिकतोय आणि हन्ना संदेष्ट्रीपाशी येऊन अडलोय.

लूक २:३६ मध्ये तिच्याबद्दल αὕτη (हाउते) असं येतं, म्हणजे ‘ही’. लगेच पुढच्या ओवीत माझ्याकडच्या एका प्रतीत αὐτὴ (आउते), म्हणजे ‘ती स्वतः’, तर दुसरीत पुन्हा αὕτη. अक्षरं तीच चार. उपसिलोनवरचं चिन्ह उजवीकडे उघडं असेल तर सुरुवातीला ‘ह’ उच्चारायचा, डावीकडे उघडं असेल तर नाही. आघातही एकात पहिल्या अवयवावर, दुसऱ्यात शेवटी. (शेवटचा आघात उलटा तिरपा दिसतो तो फक्त पुढे शब्द असल्यामुळे, एवढं कळलं. त्याने अर्थ बदलत नाही.) बारीक छपाईत मी दोनदा चुकलो, भिंग घेऊन पाहिलं तेव्हा फरक दिसला.

चौथ्या शतकातल्या सिनाई हस्तलिखितासारख्या जुन्या प्रतींत मुळात नुसतं ΑΥΤΗ असायचं. म्हणजे ही चिन्हं नंतरच्यांनी अर्थ लावून दिलेली. मग निवड कशावरून करायची? लूकला ‘काइ आउतॉस’, म्हणजे ‘आणि तो’, अशी सुरुवात फार आवडते, म्हणून मला αὐτὴ पटतं. पण मागच्याच ओवीतली ‘ही’ पुढे चालू ठेवली, तरी वाक्य बिघडत नाही.

दोन गोष्टी सांगा: अशा जागी लेखकाची सवय जास्त धरायची की लगतचं वाक्य? आणि मराठीत ‘ती तर चौऱ्याऐंशी वर्षांची विधवा’ म्हटलं तर ‘स्वतः’चा जोर येतो का?