पगाराच्या दाखल्याने गृहकर्ज अडवलं की सोडवलं? आपापले अनुभव लिहा

गिरणाकाठ (जळगाव)

गेल्या वर्षी घराचं कर्ज काढताना माझे दोन महिने एका कागदापायी गेले. तो कागद म्हणजे कंपनीने दिलेला पगाराचा दाखला. दाखला मिळाला नाही असं नव्हतं, पहिल्याच दिवशी मिळाला होता. पण त्यात काय लिहून घ्यायचं हे मला माहीत नव्हतं. खान्देशात बरेच जण लहान-मध्यम कारखान्यांत, शाळांत, रेल्वेत आहेत. प्रत्येकाचा अनुभव वेगळा असणार, म्हणून सगळ्यांनी लिहावं ही विनंती. सुरुवात मी करतो.

मी एमआयडीसीत पाइपच्या कारखान्यात शिफ्ट सुपरवायझर आहे. पिंप्राळ्याकडे रो-हाउस पाहिलं. गाठीचे पैसे घालून १४ लाख कमी पडत होते. ऑफिसात जाऊन तोंडीच सांगितलं, "लोनसाठी दाखला पाहिजे." त्यांनी नेहमीच्या नमुन्यात तीन ओळी छापून दिल्या. अमुक इसम आमच्याकडे नोकरीस आहेत, एकूण पगार ३८,०००, एकूण कपात ९,५००, हाती पडणारी रक्कम २८,५००. खाली सही आणि शिक्का.

बँकेने दहा लाख सांगितले. मी थक्क झालो. अधिकारी भला माणूस होता, त्याने कागदावर हिशोब मांडून दाखवला. हातातल्या २८,५०० चा निम्मा, म्हणजे १४,२५० रुपये हप्त्यांसाठी धरायचे. त्यातून आधीच्या कर्जाचा हप्ता वजा करायचा. मी अर्जात पतसंस्थेचा ५,५०० चा हप्ता प्रामाणिकपणे लिहिला होता. उरले ८,७५०. साडेआठ टक्के व्याज आणि वीस वर्षं मुदत धरली तर लाखाला ८६८ रुपये हप्ता पडतो. म्हणून दहा लाख.

घोळ इथेच होता. पतसंस्थेचे ते ५,५०० पगारातूनच कापले जातात, म्हणजे ९,५०० च्या कपातीत ते आधीच होते. माझा एकच हप्ता दोनदा वजा झाला होता. मी तसं म्हणालो तर अधिकारी म्हणाला, "दाखल्यावर कुठे आहे ते?" आमच्या पगारपत्रकावरही पीएफ आणि व्यवसाय कर सोडला तर 'इतर कपात ७,५००' एवढंच येतं.

मग लेखी अर्ज देऊन दुसरा दाखला घेतला. त्यात पीएफ १,८००, व्यवसाय कर २००, पतसंस्था ५,५०० आणि सण उचल २,००० असं सुटं लिहून घेतलं. उचलीचे दोनच हप्ते बाकी आहेत हेही लिहिलं. आता बँकेने ३८,००० मधून फक्त पीएफ आणि व्यवसाय कर काढले, राहिले ३६,०००. त्याचा निम्मा १८,०००, त्यातून पतसंस्था एकदाच वजा, म्हणजे १२,५००. दोन महिन्यांत संपणारी उचल त्यांनी सोडून दिली. १४ लाखांचा हप्ता १२,१५२ बसतो, तो त्यात मावला. पगारात एक रुपयाही वाढ झाली नव्हती. फक्त कपातीची फोड झाली होती.

सातपुडा_मास्तर (चोपडा)

अभिनंदन. पण माझ्या मते एवढा खटाटोप लागतच नाही. मी अनुदानित हायस्कूलला आहे. दोन वर्षांचे फॉर्म १६ आणि सहा महिन्यांचं खातेपत्रक दिलं, काम झालं. दाखला मागितलाच तर मुख्याध्यापकांची सही पुरते. आमच्याकडे तेव्हा प्रभारी मुख्याध्यापक होते. बँकेने त्यांच्या पदभाराच्या पत्राची प्रत मागितली, एवढाच काय तो उशीर झाला. फॉर्म १६ असेल तर दाखल्याच्या मागे लागू नका असंच मी सांगेन.

हिशोबवाली_ताई (धुळे)

मास्तर, तुमचा पगार शासनाच्या प्रणालीतून निघतो, पगारपत्रकात प्रत्येक कपात वेगळी दिसते, म्हणून तुमचं निभावलं. फॉर्म १६ मागच्या आर्थिक वर्षाचा असतो. त्यात तुमची पतसंस्था, सोसायटी, उचल यातलं काही दिसत नाही. मध्ये पगारवाढ झाली असेल तर तीही दिसत नाही. बँकेला आजचा पगार आणि आजच्या कपाती पाहिजेत.

मी अवधानच्या एमआयडीसीत वीस वर्षं पगाराचं काम बघते, असे दाखले टाइप करण्यात हयात गेली. ऑफिसवाले तीन ओळींत का उरकतात, तेही सांगते. कामगार नुसतं "दाखला द्या" म्हणतो. कशाला, कोणाला, काय लिहून, हे सांगत नाही. त्यात मालकाला भीती असते की जास्त लिहिलं तर कर्जाची जबाबदारी आपल्या अंगावर येईल. म्हणून अर्जातच सगळं मांडून द्या, समोरच्याला फक्त आकडे भरायचे राहिले पाहिजेत. मी आमच्या लोकांकडून असा अर्ज घेते:

"मा. व्यवस्थापक, मी आपल्याकडे अमुक पदावर अमुक तारखेपासून नोकरीस आहे. अमुक बँकेच्या अमुक शाखेत गृहकर्जासाठी अर्ज करत आहे. तरी शाखा व्यवस्थापकांच्या नावे पगाराचा दाखला मिळावा. त्यात पॅन कार्डाप्रमाणे माझं पूर्ण नाव, पद, रुजू तारीख, नोकरी कायम असल्याचा उल्लेख, निवृत्तीचं वय, मूळ पगार व भत्ते वेगवेगळे, प्रत्येक कपात वेगळी व शिल्लक हप्ते, हाती मिळणारी रक्कम आणि ती ज्या बँक खात्यात जमा होते त्याचा उल्लेख असावा. दाखला केवळ गृहकर्जासाठी असून त्यामुळे संस्थेवर कर्जफेडीची जबाबदारी येत नाही, असं नमूद करण्यास माझी हरकत नाही."

हे शेवटचं वाक्य आवर्जून टाका. त्या एका वाक्यावर आमच्या मालकांनी अडलेल्या सह्या केलेल्या आहेत.

दाखला लेटरहेडवर हवा, तारीख आणि जावक क्रमांक हवा, सही करणाऱ्याचं नाव, हुद्दा आणि फोन नंबर हवा. नुसत्या वेड्यावाकड्या सहीवर शिक्का मारलेला दाखला बँक परत पाठवते, कारण खात्री करायला फोन कोणाला करायचा हेच त्यांना कळत नाही. आणि ओव्हरटाइम मूळ पगारात मिसळून आकडा फुगवायला कोणाला सांगू नका. खातेपत्रकात दर महिन्याला वेगळी रक्कम जमा दिसली की बँक सगळ्याच आकड्यांवर संशय घेते. ओव्हरटाइम वेगळ्या ओळीत, सहा महिन्यांची सरासरी म्हणून लिहिलेला बरा. बँक तो सगळा धरत नाही, पण काही भाग धरते.

पाचोऱ्याची_माय

भाऊ, मन्हं काम बी याच कागदावर अडकेल शे. तलाठी अन् तहसीलचा उत्पन्नाचा दाखला काढला आहे, एका वर्षाचा. तो चालत नाही म्हणतात. मग मालकाकडून कोणता आणायचा? माझे मिस्टर डाळ मिलमध्ये मशीनवर आहेत. पगार १८,०००, पण खात्यात ११,००० येतात, ७,००० हातात रोख देतात. मालक माणूस चांगला आहे, १८,००० चा दाखला द्यायला तयार आहे.

हिशोबवाली_ताई (धुळे)

ताई, तहसीलदारांचा दाखला शिष्यवृत्ती, रेशन, फी माफी यांना लागतो. बँकेला मालकाचाच दाखला पाहिजे. तुमची खरी अडचण त्या ७,००० ची आहे. दाखल्यावर १८,००० आणि खात्यात ११,००० दिसले की बँक ११,००० च धरते, कधी कधी फाइलच बंद करते. मिस्टरांचा पीएफ कापत असतील तर तोही ११,००० वरच कापत असतील. मग १८,००० लिहून सही करणारे मालक स्वतःच्याच कागदात अडकतात. आज तयार आहेत, पण बँकेचा माणूस चौकशीला आला की मागे सरतील. तसं होताना मी पाहिलं आहे.

गिरणाकाठ (जळगाव)

ताई, माझ्या मेहुण्याला एका गृहवित्त कंपनीने रोख पगार धरून कर्ज दिलं होतं. त्यांचा माणूस कारखान्यात येऊन हजेरी आणि वाटप रजिस्टर बघून गेला, शेजाऱ्यांकडेही चौकशी केली. पण व्याज बँकेपेक्षा बरंच जास्त लागलं. त्यामुळे तो रस्ता आहे, पण स्वस्त नाही.

लोको_काका (भुसावळ)

माझा अनुभव निवृत्तीच्या तारखेचा. रेल्वेचा पगार म्हणजे बँका पायघड्या घालतात असं वाटलं होतं. वय ५२. दाखला घेतला त्यात जन्मतारीख आणि निवृत्तीची तारीख नव्हती. अर्जातल्या वयावरून वीस वर्षांचा हप्ता काढून मला खुश करून पाठवलं. नंतर वरच्या ऑफिसने निवृत्तीच्या तारखेचा दाखला मागितला. साठाव्या वर्षी पगार थांबतो हे दिसल्यावर मुदत आठ वर्षांवर आली आणि हप्ता डोळे फिरवणारा झाला. तोवर मी जागेचं इसार देऊन बसलो होतो. शेवटी मुलाला सहकर्जदार केलं. त्याच्या कंपनीचा दाखला पुन्हा नव्याने आणावा लागला, कारण त्यात 'प्रशिक्षणार्थी' लिहिलेलं होतं. तो कायम होऊन चार महिने झाले होते. ऑफिसने जुन्याच फाइलवरून छापलं होतं. तेव्हा हातात पडल्या पडल्या दाखला तिथेच उभं राहून वाचा.

ठेक्यावरचा (वरणगाव परिसर)

मी एका मोठ्या कारखान्यात नऊ वर्षं काम करतो, पण ठेकेदाराकडून. अर्जात कारखान्याचं नाव टाकलं आणि दाखला जोडला ठेकेदाराचा. बँकेचा फोन कारखान्याच्या लँडलाइनवर गेला. तिथल्याने सांगितलं, या नावाचा आमचा कोणी कर्मचारी नाही. फाइल खोटी ठरली. मी खोटं काहीच केलं नव्हतं.

हिशोबवाली_ताई (धुळे)

भाऊ, मालक म्हणून ठेकेदाराचंच नाव टाकायचं आणि कामाचं ठिकाण म्हणून कारखाना, हे दाखल्यातही तसंच लिहून घ्यायचं. सोबत पीएफ पासबुक जोडा, त्यात कोणी किती महिने पैसे भरले ते दिसतं.

ठेक्यावरचा (वरणगाव परिसर)

जोडलं ताई. नऊ वर्षांत तीन ठेकेदार बदलले, पासबुकात तिघांची नावं आहेत. दुसऱ्या बँकेने विचारलं की आताच्या ठेक्याची मुदत मार्चला संपते, पुढचं काय? ठेकेदार पुढचं लिहून देत नाही आणि कारखाना काहीच लिहून देत नाही. कारखान्याच्या खातेप्रमुखांकडून 'नऊ वर्षं या विभागात सलग काम करतो' असं साधं पत्र मिळालं तर चालेल का, हे कोणी करून पाहिलं असेल तर सांगा.

लोको_काका (भुसावळ)

माझ्या पुतण्याला असं पत्र मिळालं होतं, पण बँकेने ते नुसतं फाइलला लावून ठेवलं, धरलं नाही. तुमच्या शाखेत आधी विचारा, मगच कोणाच्या पाया पडा.

पाचोऱ्याची_माय

मालकाशी बोलले. पुढच्या महिन्यापासून सगळे १८,००० खात्यावर टाकतो म्हणाले, पण पीएफ वाढेल तेवढं हातात कमी येईल. सहा महिने तसं खातं दिसलं की मग दाखला देणार. घरमालकाने दिवाळीपर्यंतची मुदत दिली आहे. तोवर सहा महिने भरत नाहीत. चार महिन्यांच्या खात्यावर कोणाचं झालं आहे का?

गिरणाकाठ (जळगाव)

माझ्या माहितीत नाही, ताई. ज्या शाखेत मिस्टरांचा पगार जमा होतो तिथे आधी विचारून बघा, त्यांना जुनं खातंही दिसतं. काय म्हणतात ते इथे नक्की लिहा.