काका चालले! अकाउंट्सवाल्या काकांची एक तरी आठवण टाका

शुक्रवारी आपल्या काकांचा शेवटचा दिवस. अकरा वर्षं भोसरीत काढून आता नाशिकला मुलीजवळच्या कंपनीत चाललेत. प्रत्येकानं एक किस्सा लिहा, नुसतं 'ऑल द बेस्ट' चालणार नाही. गिफ्टची वर्गणी 4,340 जमलीय, राहिलेल्यांनी द्या.

परचेस: मार्च एंडचा किस्सा मीच सांगणार कारण शिव्या मीच खाल्ल्यात. पॅकिंगच्या बॉक्सवाल्याचं लेजर आणि आपलं लेजर जुळेना, बरोब्बर 27,000 चा फरक, रात्रीचे साडेनऊ, दोघं पोरं बिलांचा गठ्ठा घेऊन एकेक टिक मारतायत. काका डबा धुवून आले, आकडा बघितला, म्हणाले नऊनं भाग जातोय म्हणजे आकडे फिरलेत. मग म्हणाले नऊनं भागून 3,000 येतात, म्हणजे दहा हजार आणि हजाराच्या घरातले आकडे शेजारी-शेजारी बदललेत आणि त्यांच्यात तीनचा फरक आहे, तेवढीच बिलं बघा. पाचव्या मिनिटाला सापडलं. 41,850 चं बिल, टॅलीत 14,850. एंट्री कोणाची ते विचारू नका.

स्टोअर्स: हो हो, नऊनं भाग गेला की आकडे उलटेच असतात, मी पण आता तेच करतो.

अकाउंट्स (ज्युनियर): उलटेच असतात असं नाही रे! मी त्या नादात अख्खी संध्याकाळ घालवली होती. फरक होता 18,000, मी उलटे आकडे शोधत बसले, निघालं काय तर एका लाखाच्या बिलावरचा 18 टक्के जीएसटीच टाकायचा राहिलेला. रक्कम शंभराच्या पटीत असली की त्या टॅक्सला नऊनं भाग जातोच. काका ऐकून हसले आणि म्हणाले, "आधी टॅक्स बघायचा, मग डोकं लावायचं." हे आधी सांगितलं असतं तर!

डिस्पॅच: काका, जायच्या आधी माझं फेब्रुवारीचं पेट्रोलचं बिल पास करा ना प्लीज. किस्सा नंतर लिहितो.

परचेस: अरे हा किस्सा धागा आहे, क्लेम फॉर्म नाही 😂

एचआर: मला त्यांचा कॅल्क्युलेटर आठवतो. सातचं बटण झिजून कोरं झालेलं, नवा दिला तर ड्रॉवरमध्ये ठेवून तोच वापरायचे. आणि एसी 26 वरून खाली आणला की मागून खोकला यायचा. तो खोकला खरा होता का, यावर अजून दोन मतं आहेत.

काका: सगळं वाचलं. बिल पास केलंय, पण पावतीवर तारीख टाकत जा. आणि माझ्या गिफ्टची यादी प्रिंटरवर राहिली होती, ती चुकून वाचली. बेरीज 4,430 येते, वर 4,340 लिहिलंय. नव्वदचा फरक.