अर्जाची शेवटची रात्र आणि कव्हर लेटर : तुमचे अनुभव सांगा

सायली_डोंबिवली
काल रात्री भाचीचा फोन. उद्या अर्जाची शेवटची तारीख आणि "मावशी, पत्रात काय लिहू?" मला माझीच रात्र आठवली.

आधी एका छोट्या नर्सिंग होममध्ये बिलिंगला होते. मग मुलीसाठी गॅप. परळच्या एका हॉस्पिटलात टीपीए डेस्कची, म्हणजे पेशंटच्या इन्शुरन्सच्या फाइली बघण्याची जागा निघाली. पत्र तयार होतं: मेहनती, प्रामाणिक, सर्वांशी मिळूनमिसळून वागते. सासूबाई ऐकून म्हणाल्या, "अगं, हे तर स्थळाला पाठवायच्या माहितीसारखं झालं."

तेवढ्यात खालच्या मजल्यावरचे काका इन्शुरन्सचं पत्र घेऊन आले. कॅशलेस अडकलेलं, क्वेरी आली होती. मी डिस्चार्ज समरी उलटली. त्यात 'बीपी, दहा वर्षं' आणि पॉलिसी चार वर्षांची, म्हणजे आजार पॉलिसीच्या आधीचा दिसत होता. म्हटलं, काका, डॉक्टरांची पहिली चिठ्ठी आणा. चिठ्ठीवर होतं 'दहा महिने'. लिहिताना कुणीतरी महिन्यांची वर्षं केली होती. सकाळी हॉस्पिटलात जाऊन डॉक्टरांकडून दुरुस्ती आणि सही घ्या, असं सांगितलं.

ते गेले आणि मी जाहिरात पुन्हा वाचली. तिसऱ्या ओळीत 'क्वेरीचा पाठपुरावा' लिहिलेलं होतं! नर्सिंग होममध्ये मी हेच तर करत होते. फाइल पाठवण्याआधी आजाराचा कालावधी पहिल्या चिठ्ठीशी ताडायचा, इम्प्लांट असेल तर स्टिकर आणि बिल दोन्ही लावलंय का बघायचं. सगळं जुनं पत्र खोडलं. आधी सासूबाईंना मराठीत सांगितलं, मग इंग्रजीत उतरवलं. पहिलं वाक्य साधारण असं: "बिलिंगला असताना क्वेरी आल्यावर उत्तर देण्यापेक्षा ती येऊ नये म्हणून फाइल आधी तपासण्याचं काम मी करत होते." मग तो चिठ्ठीचा प्रकार दोन ओळींत, पेशंटचं नाव न घेता. गॅपबद्दल एक ओळ. पाऊण पानात संपलं. किती क्वेरी कमी झाल्या ते लिहिलं नाही, रजिस्टर माझ्याकडे नव्हतं. मुलाखतीत विचारलं तर काय सांगणार?

आता तुमचं सांगा.

कुर्ला_फास्ट
ताई, कव्हर लेटर कोणी वाचत नाही. पोर्टलवर चिकटवा नि झोपा.

मनीषा_एचआर
पोर्टलवर खरंच बहुतेक वेळा उघडत नाही कोणी. मेलने आलेला अर्ज वेगळा, तिथे मेलच्या मजकुरातल्या पहिल्या दोन ओळी दिसतातच. पण सायली, तुझ्या चिठ्ठीच्या किश्श्यावर मी थबकले असते. घाईत वाचलं तर वाटेल, ही बाई कागद बदलून घेते. तसं वाटू नये म्हणून काय लिहिलं होतंस?

सायली_डोंबिवली
हो, तेच वाक्य लिहायला सगळ्यात वेळ लागला. "मूळ चिठ्ठीशी तफावत दिसल्यास डॉक्टरांना कळवत असे, दुरुस्ती आणि सही त्यांचीच." चिठ्ठीवरही दहा वर्षं असती तर काही करता आलं नसतं, फाइल तशीच जाते.

भटक्या_ठाणेकर
माझं शेंगेन व्हिसाचं काम कव्हर लेटर कमी पडलं म्हणून रखडलं होतं. तारखा, हॉटेल, परत कधी येणार, सगळं लिहायचं असतं. कोणाकडे नमुना आहे का?

कुर्ला_फास्ट
अरे ती नोकरीबद्दल बोलतेय 😂

भटक्या_ठाणेकर
अच्छा. नमुना तरी द्या.

जोशीकाका_दादर
आमच्या वेळी पोस्टकार्डावर अर्ज जायचे. बाकी सायलीताई, आता नियमानुसार डिस्चार्जच्या वेळी तीन तासांत मंजुरी द्यावी लागते, म्हणजे क्वेरी बंदच झाल्या असतील.

सायली_डोंबिवली
काका, 2024 पासून तीन तासांचं बंधन आहे हे बरोबर. पण क्वेरी येतातच, फक्त उत्तराची घाई वाढली. त्यामुळे आधी तपासलेली फाइल जास्तच कामाची.

प्राजक्ता_मुलुंड
भात लावलाय, पटकन लिहिते. मी शिक्षिका. माझ्याकडे असं 'अडलेलं सोडवलं' काही नाहीच, रोज शिकवते. मग काय लिहायचं?

मनीषा_एचआर
दुसऱ्या शिक्षिका कशासाठी तुला शोधत येतात? तिथून सुरू कर.

प्राजक्ता_मुलुंड
वेळापत्रक! कोणी रजेवर गेलं की बदली तास मीच बसवते. पण ते मुख्याध्यापकांना आवडेल की नाही, माहीत नाही. शिट्टी झाली, आले.

कुर्ला_फास्ट
सायलीताई, नोकरी लागली का ते सांगितलंच नाही.

सायली_डोंबिवली
मुलाखतीला बोलावलं, अर्धा वेळ त्या चिठ्ठीवरच गेला. जागा दुसऱ्या कोणाला मिळाली. मला नंतर ठाण्यात मिळाली, तेच पत्र थोडं बदलून. पत्रामुळेच का, देव जाणे.

जोशीकाका_दादर
आमच्या हिच्या मोतीबिंदूच्या क्लेमला क्वेरी आलीय. कागद पाठवू का?

सायली_डोंबिवली
पाठवा काका. पण लेन्सचा स्टिकर ज्या पानावर चिकटवलाय ते पान नक्की घाला, सगळे तेच विसरतात.