शब्दचर्चा: ‘रूट लोकस’ला ‘मूळांचा बिंदुपथ’ म्हणावे का?

दुर्वा: कंट्रोल सिस्टिम्सच्या मराठी टिपणांचे काम चालू आहे. त्यात रूट लोकस येतो, म्हणजे गेन बदलला की बंद चक्राच्या समीकरणाची मुळे, म्हणजेच पोल, कुठे कुठे येतात ते दाखवणारी रेघ. लोकसला शाळेपासून आपण ‘बिंदुपथ’ म्हणतो. म्हणून ‘मूळांचा बिंदुपथ’ लिहिले, पण एका विद्यार्थ्याने विचारले, ‘मशीन चालू असताना ही मुळे या वाटेने जातात का?’ ‘पथ’ शब्दामुळे घोटाळा होतोय असे वाटते.

केदार_८१: बरोबरच आहे की त्याचे. गेन वाढवला की पोल डावीकडे सरकतात आणि सिस्टीम चपळ होते. सरकतात म्हणजे पथच.

निर्गुडी: केदार, एकच पोल असेल तर तुमचे म्हणणे चालेल, पण तीन पोल घेतले की बिघडते. हे उदाहरण घेऊ, एकक फीडबॅकसह:

`G(s) = K / [s(s+2)(s+4)]`

गेन `K` शून्य असताना बंद चक्राचे पोल 0, −2 आणि −4 वरच असतात. वास्तव अक्षावरचा एखादा बिंदू बिंदुपथावर आहे का, हे पाहायला त्याच्या उजवीकडचे `G(s)` चे पोल आणि झिरो, म्हणजे `G(s)` जिथे शून्य होते ते बिंदू, मोजायचे. इथे झिरो नाहीत. उजवीकडचा प्रत्येक पोल त्या बिंदूशी 180 अंशांचा कोन करतो, डावीकडचा शून्याचा. बेरीज 180 च्या विषम पटीत हवी. −1 च्या उजवीकडे एक पोल, म्हणून तो बिंदू चालतो. −3 च्या उजवीकडे दोन, म्हणून नाही. −5 च्या उजवीकडे तीन, म्हणून पुन्हा चालतो.

म्हणजे 0 आणि −2 वरून निघालेले दोन पोल समोरासमोर येतात आणि −4 वाला डावीकडे जात राहतो.

केदार_८१: ते दोघे −1 वर भेटणार ना? बरोबर मध्यावर.

निर्गुडी: −4 चा पोल नसता तर −1 वरच भेटले असते. तो असल्यामुळे भेट −0.845 ला होते. 0 ते −2 या तुकड्यावर `K` सर्वांत मोठा जिथे होतो, तिथे ते भेटतात. इथे तो साधारण 3.08 आहे. गेन त्याहून वाढला की दोघे अक्ष सोडून वर-खाली जातात.

दुर्वा: याच बिंदूसाठी मी ‘फाटा’ लिहिले आहे.

सुलभा_कुडाळ: फाटा एका रस्त्याला फुटतो. इथे आधी दोघे एकत्र येतात, मग फुटतात. त्यातला पहिला भाग ‘फाट्या’त येत नाही.

जुना_वर्कशॉपवाला: माझ्याकडे डीसी मोटरवरचे पोझिशन कंट्रोल आहे. गेनचा पॉट फिरवला की आधी चपळ होते, पुढे शाफ्ट जागेवर थरथरतो. याचा इथे संबंध आहे का? की बेअरिंग गेले?

निर्गुडी: बेअरिंगचे इथून सांगता येणार नाही. गेन कमी करताच थरथर थांबत असेल तर आधी लूप तपासा. वरच्या उदाहरणातही असेच होते. तिन्ही पोलांची बेरीज नेहमी −6 राहते, म्हणून एक डावीकडे जाईल तितकी जोडी उजवीकडे येणारच. `K` 5.6 च्या आसपास असताना एकटा पोल −4.5 वर असतो, जोडी −0.75 च्या रेषेत, आणि डॅम्पिंग रेशो, म्हणजे दोलन किती लवकर विरते याचे माप, 0.67. `K` 15 केला की एकटा −5 वर जातो, जोडी −0.5 च्या रेषेत येते आणि डॅम्पिंग 0.29 वर घसरते. 48 ला जोडी थेट काल्पनिक अक्षावर, `±j2.83` वर, म्हणजे सेकंदाला 2.83 रेडियनचे न विरणारे दोलन. त्यापुढे गणितात दोलन वाढतच जाते. प्रत्यक्षात अॅम्प्लिफायर संपृक्त होतो, म्हणून थरथर एका मापावर टिकते.

सुलभा_कुडाळ: शेवटी ही जोडी जाते कुठे?

निर्गुडी: झिरो एकही नसल्याने तिन्ही पोल अनंताकडे जातात. अनंतस्पर्शी रेषा −2 वरून निघतात, कोन 60, 180 आणि −60 अंश. 60 वाल्या रेषा उजव्या अर्ध्या प्रतलात शिरतात, खरी अडचण तीच. −3 वर एक झिरो घातला की अनंताकडे दोनच पोल जातात, रेषा −1.5 वर उभ्या राहतात, आणि या मॉडेलमध्ये कुठल्याही धन गेनला जोडी उजवीकडे जात नाही. मॉडेलबाहेर राहिलेला विलंब मात्र हे सुख टिकू देत नाही.

दुर्वा: मग विद्यार्थ्याला काय सांगू?

निर्गुडी: पॉट एका जागी असेपर्यंत पोल एका जागी असतात. काळानुसार हलतो तो शाफ्ट. पॉटच्या प्रत्येक जागेसाठी पोलांचा वेगळा संच, आणि ते सगळे एकाच आकृतीत काढले की ही रेघ दिसते. वॉल्टर इव्हान्सने 1948 मध्ये ही रीत मांडली ती हे संच समीकरण न सोडवता हाताने काढता यावेत म्हणून. शाळेतल्या बिंदुपथातही काळ नसतो. अट पाळणाऱ्या बिंदूंचा तो संच. म्हणून मी ‘बिंदुपथ’च ठेवीन, पण रेघेवर `K` चे आकडे लिहीन.

सुलभा_कुडाळ: मला अजूनही ‘मूळरेखा’ बरे वाटते. आकडे नसलेली आकृती पाहणाऱ्याला ‘पथ’ पुन्हा चालायलाच लावेल.

जुना_वर्कशॉपवाला: गेन कमी केला, थरथर थांबली. पण आता शाफ्ट ठरल्या जागेच्या जरा अलीकडेच थांबतो.

निर्गुडी: घर्षण असेल. कमी गेनला छोट्या चुकीसाठी मोटरला पुरेसा जोर मिळत नाही, आणि घर्षण या आकृतीत दिसतच नाही.