कव्हरचा लॉट खराब निघाला, सप्लायरला पत्र लिहून क्रेडिट मागितलं. तुमचे अनुभव सांगा

सांगलीची दुकानवाली

माझं सांगलीत मोबाईल अॅक्सेसरीजचं छोटं दुकान आहे. मुंबईच्या एका होलसेलरकडनं एकाच मॉडेलची ट्रान्सपरंट कव्हरं मागवली होती, 300 नग, रेट 40, शंभराची तीन पुडकी. आल्यावर वरवर बघितली, फोनला घालून बघितली, बटणं दाबली, चार्जिंगची पिन बसते का बघितलं, सगळं ठीक म्हणून रॅकला लावली.

चौथ्या दिवशी एक ताई आल्या, म्हणाल्या भाचीच्या हळदीला रात्री काढलेले सगळे फोटो पांढुरके आलेत, फोन बिघडलाय का बघा. मी शटर अर्धं ओढलं, लाईट घालवली आणि फ्लॅश लावून भिंतीवरच्या कॅलेंडरचा फोटो काढला, एक कव्हर घालून, एक काढून. कव्हर काढल्यावर फोटो स्वच्छ, घातल्यावर एका कोपऱ्यातनं दुधाळ धुकं. नीट निरखल्यावर कळलं, कॅमेऱ्याच्या कटआऊटची कड फ्लॅशच्या बाजूला जरा आत आलीय, फ्लॅशचा उजेड त्या कडेवर पडून परत लेन्समध्ये शिरतो. दिवसा फ्लॅश लागतच नाही त्यामुळं काउंटरवर हे कुणाला दिसणारच नाही.

मग रात्री बसून एकेक तपासलं. पहिलं पुडकं एकदम नीट, दुसऱ्या आणि तिसऱ्यातले सगळेच तसले. त्या 200 मधले 26 विकले गेलेले, 6 परत आले ते पहिल्या पुडक्यातनं बदलून दिले, म्हणजे हातात खराब 180.

फोन केला तर म्हणाले, "ताई, ट्रान्सपरंटमध्ये एवढं चालतंच." दोनदा तेच. म्हणून पत्र लिहून व्हॉट्सअॅपवर आणि ईमेलवर दोन्हीकडं पाठवलं, ते असं होतं:

> आपल्या बिल नं. ___, दि. ___ नुसार आलेल्या 300 कव्हरपैकी 180 नग सदोष आहेत. कॅमेऱ्याच्या कटआऊटची कड फ्लॅशच्या बाजूला आत आली असून फ्लॅश लावून काढलेला फोटो धूसर येतो. दोष दोन पुडक्यांतच आहे, उरलेले एक पुडके व्यवस्थित आहे. पुडक्यांवरच्या स्टिकरचे फोटो, कव्हरसह व कव्हरशिवाय काढलेले फोटो आणि व्हिडिओ सोबत जोडले आहेत. 10 नग नमुन्यासाठी पाठवत आहे, बाकी माल आपण सांगाल तसा परत देईन. 180 नगांचे 40 रुपयांप्रमाणे 7,200 आणि त्यावरील जीएसटी 1,296, एकूण 8,496 रुपयांची क्रेडिट नोट द्यावी. बदली माल नको. सात दिवसांत उत्तर द्यावे.

पाचव्या दिवशी उत्तर आलं, 7,200 देतो पण जीएसटीशिवाय. मी अडून बसलेय, माझे 1,296 का सोडू? तुमच्यापैकी कुणी असं क्रेडिट घेतलंय का, पत्रात काय लिहिलं, काय मिळालं ते सांगा.

सातारचा अकाउंटंट

ताई, पत्र चांगलं आहे, पण 1,296 साठी भांडू नका. तुम्ही रेग्युलर जीएसटीत असाल तर तो टॅक्स तुम्ही इनपुट म्हणून आधीच घेतलाय. त्यांनी 8,496 ची जीएसटीवाली क्रेडिट नोट दिली की ती पोर्टलवर तुमच्या टू-बीला दिसणार आणि तुम्हाला 1,296 चं इनपुट परत करावं लागणार. हातात राहिले किती? 7,200. आणि त्यांनी जीएसटी न लावता नुसती 7,200 ची दिली तर इनपुटला हात लावायचा नाही, राहिले परत 7,200 च. फक्त नोटवर "जीएसटीशिवाय" असं स्पष्ट लिहून घ्या, आणि खात्यात खरंच जमा झालं का बघायला त्यांच्याकडनं लेजर मागवा. माझ्या एका क्लायंटची नोट आली होती, लेजरला मात्र सहा महिने काहीच नव्हतं.

तासगाव मोबाईल

अकाउंटंट भाऊंचं बरोबर आहे पण आमच्यासारख्यांना लागू होत नाही. मी कंपोझिशनमध्ये, मला इनपुट मिळतच नाही, जो टॅक्स भरला तो माझ्याच खिशातनं गेला. गेल्या वर्षी 90 कव्हरांचं क्रेडिट घेतलं ते मी जीएसटीसकटच मागितलं आणि पत्रात पहिल्याच ओळीत लिहिलं की मी कंपोझिशन डीलर आहे. तसं लिहिल्यावर लगेच मान्य केलं.

मिरजकर

कायद्यात पंधरा दिवसांत लेखी तक्रार करायचा नियम आहे, पंधरा दिवस उलटले की माल तुम्ही स्वीकारला असं धरतात, मग क्रेडिट विसरा. मी तसंच केलं, तेराव्या दिवशी पत्र टाकलं म्हणून वाचलो.

सातारचा अकाउंटंट

मिरजकर, तो पंधरा दिवसांचा नियम एमएसएमई कायद्यातला, पैसे किती दिवसांत द्यायचे ते मोजण्यासाठीचा आहे. आणि नुसत्या ट्रेडरला त्याचं संरक्षण मिळत नाही, त्यामुळं इथं तो लावता येईल असं मला वाटत नाही. मालाच्या बाबतीत 1930 चा माल विक्री कायदा बघतात, त्यात ठरावीक दिवस नाहीत, "वाजवी वेळ" म्हटलंय. माल तपासायची संधी तुम्हाला मिळाली पाहिजे, पण वाजवी वेळात नाकारलाय असं कळवलं नाही तर स्वीकारला असं धरतात. आणि दोष कळल्यावरही तुम्ही तो माल विकत राहिलात तर तिथंच तुमची बाजू पडते. लवकर कळवायचं हे तुमचं म्हणणं मात्र शंभर टक्के खरं.

कोरेगावचा सचिन

माझं कव्हर दोन महिन्यांत पिवळं पडलं, दुकानदार पैसे परत देईना. त्याला असंच पत्र दिलं तर चालेल का?

कराडकर होलसेल

सचिन, हा धागा दुकानदार आणि सप्लायरचा आहे, पण सांगतो. ते ट्रान्सपरंट मटेरियल ऊन आणि उष्णतेनं पिवळं पडतंच, बाईकच्या होल्डरला फोन लावून उन्हात फिरलं तर लवकर. त्याचं क्रेडिट आम्हालाही वरनं मिळत नाही. पाकीट न फोडता पिवळं निघालं असेल तर गोष्ट वेगळी.

ताई, मी समोरच्या बाजूचा माणूस आहे, रोज असली पत्रं वाचतो. बहुतेकांत "माल बेकार आहे, पैसे परत करा" एवढंच असतं, किती नग, कुठल्या बिलाचे, काहीच नाही. त्यात काही जण दुसऱ्याच सप्लायरचे जुने पडून राहिलेले नग घुसडतात, म्हणून आम्हीही सावध असतो. तुमच्या पत्रातलं "उरलेले एक पुडके व्यवस्थित आहे" हे वाक्य मला सगळ्यात पटलं. त्यावरनं कळतं की माणसानं खरंच मोजलंय, आणि मला पण मागं फॅक्टरीला सांगता येतं की दोन साच्यांचा माल एकत्र झालाय. एकच चूक झाली, नमुने 10 पाठवायचे तर त्यातले दोन चार तुमच्या सहीचं स्टिकर लावून स्वतःकडं ठेवायचे होते. उद्या कुणी म्हणालं की आमच्याकडं तपासलं तर नीट निघाले, तर दाखवणार काय?

वाईकर

माझा अनुभव वाईट. सगळा माल पत्राबरोबरच परत पाठवून दिला, ट्रान्सपोर्टची बिल्टी हरवली, चलन केलंच नव्हतं. ते म्हणतात 140 आले, मी म्हणतो 200 पाठवले. अजून मिटलं नाही.

सांगलीची दुकानवाली

वाईकर, वाचून वाईट वाटलं. कराडकर दादा, माझ्याकडं 170 आहेत अजून, आजच दहा बाजूला काढून सह्या करते. जीएसटीचं कळलं, मी रेग्युलरमध्येच आहे, त्यामुळं 7,200 ला हो म्हणून कळवते.

दोन गोष्टी राहतात. परत पाठवायचं भाडं कुणी द्यायचं, ते म्हणतात तुम्ही. आणि जी 20 कव्हरं गिऱ्हाइकांकडं गेलीत ती परत आली तर पुढच्या महिन्यात परत क्रेडिट मागता येईल का? मी पत्रात त्याचा उल्लेखच केला नव्हता. ज्यांनी असं नंतर मागितलंय त्यांनी सांगा.

तासगाव मोबाईल

भाडं मी निम्मं दिलं, निम्मं त्यांनी. नंतरच्या नगांचं मला नाही मिळालं, पण मी मागितलंही नव्हतं.