मदत हवी आहे: ५,००१ जमा दिसतात, पावती कुणाच्या नावे फाडायची?

खानापूर तालुक्यातल्या एका शैक्षणिक ट्रस्टच्या मार्चच्या स्टेटमेंटचा ताळा घालतोय. १० तारखेला रोख १८,५०० भरलेत, पण रोख पावत्या ४१२ ते ४३१ यांची बेरीज १६,४००. फरक २,१००. कार्बन प्रती पाहून झाल्या, मग दानपेटीची मोजणी काढली, तर पेटीतले २,१०० त्याच स्लिपवर भरलेले. स्लिप वेगळी केली असती तर अर्धा दिवस वाचला असता!

खरी अडचण २२ तारखेची. यूपीआयने ५,००१ जमा, यूटीआर आहे, नाव अर्धवट, पावती नाही. वरचा एक रुपया पाहता देणगीच असणार. पण देणगीदाराचा पॅन किंवा आधारसारखा ओळख क्रमांक नसेल तर फॉर्म १०बीडीमध्ये नोंद होत नाही, आणि मग त्याला ८०जीसाठी १०बीई मिळत नाही. नाव-पत्ता नोंदवलाच नाही तर ती निनावी देणगी ठरते. १०बीडीची मुदत ३१ मे.

यूटीआर देऊन बँकेकडून पाठवणाऱ्याचं पूर्ण नाव कुणी मिळवलंय का? अर्ज शाखेत कन्नडमध्ये दिला की इंग्रजी चाललं? आणि तोवर रक्कम सस्पेन्सला ठेवता की थेट देणगी खात्यात?